नावात चूक झाली म्हणून परत आलेली आजी

*मी परभणी जिल्ह्यातली, मानसशास्त्रात एम.ए. दुसऱ्या वर्षाला आहे. 'मानसशास्त्र आणि धर्म' या पेपरसाठी मृत्यूसमीप अनुभवांवर लिहायचं आहे, त्यात वेगवेगळ्या अभ्यासकांच्या चौकटींची तुलना करायची आहे. माझ्या आजीलाच असा अनुभव आलाय. तीसेक वर्षांपूर्वी ओकारी-जुलाबानं ती मेलीच होती. दोन यमदूत तिला धरून घेऊन गेले. मोठ्या वाड्यात एकजण वही उघडून बसला होता. त्यानं वहीत पाहिलं, "ही गंगूबाई नव्हे, खालच्या आळीतली आणा" म्हणाला आणि आजीला परत ढकललं. घरचे सांगतात, त्याच रात्री खालच्या आळीतली गंगूबाई गेली. सर म्हणतात, मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की असं दिसतं, तेवढं लिही. वडील म्हणतात, आजीला वेड्यात काढणार असशील तर तिचं नावच घेऊ नको. पुस्तकांतले लोक बोगदा आणि प्रकाश सांगतात, आजीला त्यातलं काहीच दिसलं नाही. मग तिचा अनुभव धरायचा का? आणि शेवटी कोणती चौकट बरोबर म्हणून लिहू?*

— एक विद्यार्थिनी

तुमच्या पत्रातला एक शब्द आधी तपासू या: यमदूत. हा शब्द आजीचा आहे की तुमचा?

प्रश्न किरकोळ वाटेल, पण तुमचा सगळा पेपर इथून सुरू होतो. आजी जर "दोन माणसं आली, काळीसावळी, धोतरातली, हाताला धरून नेलं" असं म्हणत असेल आणि "यमदूत" हे नाव शेजारणीनं, कीर्तनकारांनी किंवा तीस वर्षांनी नातीनं दिलं असेल, तर तुमच्या हातात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक अनुभवाचं वर्णन, दुसरी त्या अनुभवाची ओळख. चौकटींची भांडणं बहुतेक दुसऱ्या गोष्टीवरून होतात आणि आपण ती पहिल्या गोष्टीवर लादतो. आजी हयात असेल तर ध्वनिमुद्रण करून पुन्हा विचारा. तिच्या परवानगीनं, आणि घरातली बाकी माणसं खोलीबाहेर असताना. पहिला प्रश्न मोकळा ठेवा: "तेव्हा काय झालं, पहिल्यापासून सांग." मध्ये बोलू नका. तिचं संपलं की मगच विचारा, "ते कोण होते हे तुला तिथंच कळलं की नंतर?" बोगदा, प्रकाश, रेडा हे शब्द तुम्ही उच्चारायचे नाहीत. एकदा "रेडा होता का गं?" विचारलंत की पुढच्या वेळी रेडा हमखास येतो. लिहून काढताना तिचे शब्द तसेच ठेवा. तिनं "जीव नेला" म्हटलं असेल तर "आत्मा शरीराबाहेर पडला" असं करू नका. ते एक अख्खं तत्त्वज्ञान तिच्या तोंडी घालणं होईल.

वडिलांच्या काळजीचं उत्तरही इथंच आहे. धर्माचे अभ्यासक वेन प्राउडफूट यांनी १९८५ मध्ये एक भेद मांडला, तो या विषयात अजून कामाचा आहे. अनुभवाचं वर्णन करताना अनुभव घेणाऱ्या माणसाला मान्य नसलेली भाषा वापरली तर वर्णनच चुकतं. "आजीला भास झाला" हे वर्णन चुकीचं आहे, कारण आजीला भास झाला नव्हता, तिला नेलं होतं. स्पष्टीकरणाच्या भागात मात्र तुम्ही तिला मान्य नसलेलं कारण देऊ शकता, त्यात तिचा अपमान नाही. म्हणून वर्णनाचं पान तयार झालं की आजीला वाचून दाखवा आणि विचारा, असंच झालं ना? ती "हो" म्हणाली की ते पान पक्कं. पुढची स्पष्टीकरणाची पानं तिला पटायलाच हवीत असं नाही. हा फरक वडिलांना सांगून पाहा, सरांनाही सांगा. दोघंही आपापल्या परीनं तोच गोंधळ करताहेत.

आता तुमचं दुसरं गृहीत: "मेलीच होती". घरच्यांच्या तोंडी ते ठीक आहे, पेपरात चालणार नाही. त्या दिवशी काय घडलं ते वैद्यकीय भाषेत जितकं कळेल तितकं काढा. दवाखान्यात नेलं होतं का, सलाईन किती लागली, नाडी सापडत नव्हती असं कोण म्हणालं, ती बरळत होती की निपचित पडली होती. इयान स्टीव्हन्सन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये असा अनुभव सांगणाऱ्या ५८ जणांच्या वैद्यकीय नोंदी तपासल्या. त्यातले ३० जण खरं तर मरणाच्या धोक्यात नव्हतेच, त्यांना फक्त तसं वाटलं होतं. म्हणजे अनुभवाला मृत्यू जवळ असावाच लागतो असं नाही. आजी किती जवळ गेली होती हे कळलं नाही तरी तिचा अनुभव बाद होत नाही. फक्त "मेल्यावर काय असतं याचा पुरावा" म्हणून तो वापरता येत नाही.

"धरायचा का?" याचं उत्तर तुमच्या पुस्तकात एका मोजपट्टीच्या रूपात असेल. ब्रूस ग्रेसन यांनी १९८३ मध्ये १६ प्रश्नांची प्रश्नावली केली. प्रत्येक प्रश्नाला ०, १ किंवा २ गुण, कमाल ३२, आणि ७ किंवा जास्त मिळाले तर अनुभव मृत्यूसमीप धरायचा. प्रश्नांचे चार गट आहेत: विचार आणि काळाची जाणीव, शांती-आनंद-प्रकाश यांसारख्या भावना, शरीराबाहेर पडणं वगैरे अलौकिक भासणाऱ्या गोष्टी, आणि परलोक, दैवी व्यक्ती, हद्द. आजीची गोष्ट यावर लावून बघा, मजा येते.

वेगळं जग दिसलं: २. दैवी व्यक्ती भेटली: २. मृत किंवा धार्मिक व्यक्ती दिसल्या: २. शरीरापासून सुटी झाली ("अंग खाटेवरच होतं" असं ती म्हणत असेल तर): २. परत पाठवली: २. एकूण १०, म्हणजे पास. पण थांबा. परत पाठवण्याच्या प्रश्नात पूर्ण गुण मिळतात ते हद्द ओलांडू दिली नाही किंवा मनाविरुद्ध परत पाठवलं तर. आजी घाबरलेली असेल आणि तिला परत यायचंच असेल, तर ते मनाविरुद्ध नव्हे. काटेकोर गुण देणारा इथं ० देईल आणि बेरीज ८ होईल. त्यानं आणखी एक हरकत घेतली, की त्याच दोन माणसांना "दैवी व्यक्ती" आणि "धार्मिक व्यक्ती" असे दोनदा गुण का, तर उरतात ६. तीच आजी, तीच गोष्ट, आणि ती रेषेच्या खाली. शांती, आनंद, विश्वाशी एकरूपता, लख्ख प्रकाश या सगळ्या भावनिक गटात तर तिला शून्यच आहे.

यावरून आजीचा अनुभव अपुरा आहे असं समजू नका. ही मोजपट्टी अमेरिकेतल्या अनुभवांवरून घडली आहे. तिथल्या माणसाला शांत प्रकाश भेटतो, म्हणून प्रकाशाला प्रश्न आहे. वहीवाल्याला प्रश्न नाही. तुमच्या पेपरातला एक अख्खा भाग या ६ ते १० च्या फरकावर लिहिता येईल. तो फरक आजीबद्दल फार थोडं सांगतो आणि मोजपट्टीबद्दल खूप. शिवाय ही प्रश्नावली ज्याचा अनुभव त्यानं स्वतः भरायची असते. तुम्ही गोष्टीवरून गुण दिलेत तर तसं स्पष्ट नोंदवा.

सरांच्या ऑक्सिजनकडे येऊ. मेंदूवर आधारलेली चौकट भक्कम आहे, पण सर तिचं सगळ्यात कमजोर रूप पुढे करताहेत. पिम व्हान लोमेल यांनी २००१ मध्ये हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या ३४४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा डच रुग्णालयांतले हे रुग्ण. त्यातल्या ६२ जणांनी, म्हणजे १८ टक्क्यांनी, असा अनुभव सांगितला. रक्तपुरवठा सगळ्यांचाच थांबला होता. हृदय किती वेळ बंद होतं याचाही अनुभव येण्या-न येण्याशी संबंध दिसला नाही. नुसता ऑक्सिजन हे कारण असतं तर उरलेल्या ८२ टक्क्यांचं काय? दुसरं असं की आजीचं हृदय बंद पडल्याची नोंदच नाही. जुलाबानं शरीरातलं पाणी आणि मीठ गेलं, रक्तदाब घसरला, सोडियम बिघडलं, तर त्यातून होणारी भ्रमावस्था हा वेगळा मामला आहे. त्यात माणूस बरळतो, माणसं ओळखत नाही, आठवणी तुटक राहतात. आजीची गोष्ट मात्र सुरुवात-मध्य-शेवट असलेली, सलग आहे. हा सलगपणा त्या रात्रीचा की तीस वर्षांच्या सांगण्याचा, ते आपण बघूच.

मेंदूच्या चौकटीतलं बळकट काम वापरायचं तर ओलाफ ब्लांके यांचा २००२ चा प्रयोग घ्या. अपस्माराच्या एका रुग्णेच्या मेंदूत उजव्या बाजूच्या एका ठरावीक भागाला सूक्ष्म विद्युतप्रवाह दिला की तिला आपण वरून स्वतःकडे पाहतोय असं वाटे. "अंग खाटेवर आणि मी बाहेर" हे मेंदूत कसं घडू शकतं, याचं ते चांगलं उत्तर आहे. पण वहीवाला माणूस आणि नावाची चूक त्या विद्युतप्रवाहातून येत नाही. चौकट कुठपर्यंत चालते आणि कुठं थांबते, हे असं ओळीओळीनं दाखवायचं असतं.

आता नावाची चूक. तुमच्या पेपराचा गाभा मी इथं ठेवेन.

सतवंत पसरिचा या तेव्हा बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत मानसशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी आणि स्टीव्हन्सन यांनी १९८६ मध्ये उत्तर भारतातल्या १६ अनुभवांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात तुमच्या आजीचंच चित्र आहे: घेऊन जाणारे दूत, वही किंवा कागद पाहणारा माणूस, "चुकीचा माणूस आणला" आणि परतपाठवणी. एका गोष्टीत तर नाव तेच, फक्त जात वेगळी. न्यायचा होता कुंभार, नेला बनिया. काहींत त्या नावाचा दुसरा माणूस त्याच सुमारास गेला असंही गावकऱ्यांनी सांगितलं. आयुष्याचा चित्रपट डोळ्यांसमोरून सरकणं, जे पाश्चात्त्य वर्णनात असतं, ते इथं जवळपास नाही. त्याच्या जागी हिशोब दुसऱ्या कुणाच्या तरी वहीत आहे.

इथवर वाचून कुणीही म्हणेल की ठरलं तर, संस्कृती अनुभव घडवते. चित्रगुप्ताची वही आपल्याकडे, म्हणून वही दिसली. संस्कृतीवादी चौकटीचा हाच युक्तिवाद आहे आणि आपल्याकडच्या पेपरांत तो इथंच संपतो. पण तो एवढ्यावर सोडू नका. सहाव्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये पोप ग्रेगरी पहिले यांनी 'डायलॉग्ज' नावाच्या ग्रंथात एक हकिकत नोंदवली. स्टीफन नावाचा प्रतिष्ठित माणूस कॉन्स्टँटिनोपलला मरतो, न्यायाधीशापुढे नेला जातो, आणि न्यायाधीश म्हणतो, मी याला नव्हे, लोहार स्टीफनला आणायला सांगितलं होतं. हा परत येतो, आणि शेजारचा लोहार स्टीफन त्याच घटकेला मरतो. त्याच्याही आधी, पाचव्या शतकाच्या सुरुवातीला, संत ऑगस्टिन यांनी उत्तर आफ्रिकेतल्या कुर्मा नावाच्या माणसाची तशीच हकिकत लिहिली आहे, आणि त्यातही न्यायचा होता तो त्याच नावाचा लोहार.

तिथं चित्रगुप्त नाही, गरुडपुराण नाही, तरी नावाची चूक आहे. उलट आपल्या ग्रंथांत बघा. सावित्रीच्या कथेत सत्यवान परत येतो तो तिच्या बुद्धीमुळे. भागवतातल्या अजामिळाला यमदूतांच्या हातून विष्णूचे दूत सोडवतात ते नारायणाच्या नामामुळे. दोन्ही ठिकाणी परत येणं आहे, पण कारकुनी चूक नाही. म्हणजे "आजीनं पोथीत ऐकलं तेच तिला दिसलं" हेही सरळ जुळत नाही. आजीनं काय ऐकलं होतं ते तिलाच विचारा: घरात कुणी गेल्यावर गरुडपुराण लावलं होतं का, सप्ताहात अजामिळाची कथा ऐकली होती का, आणि आजारपणाआधी "नावात चूक होऊन परत आला" अशी कुणाची गोष्ट गावात होती का. शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा.

मग या साम्याचं काय करायचं? तीन वाटा आहेत. एक, ही गोष्ट लोककथेसारखी फिरते. परत आलेल्या माणसाच्या तुटक आठवणींना ऐकणारे ओळखीचा साचा पुरवतात आणि सांगता सांगता गोष्ट त्यात बसते. दोन, परलोकवादी म्हणतील की इतक्या लांबच्या माणसांनी तेच सांगितलं, म्हणजे तसं घडतच असावं. तीन, आणि मला सगळ्यात पटणारी, साम्य गोष्टीच्या गरजेतून येतं. असे अनुभव सांगणारा प्रत्येकजण परत आलेला असतो, जे आले नाहीत त्यांच्याकडून आपल्याला काही ऐकू येत नाही. म्हणून प्रत्येक गोष्टीला "मग परत का सोडलं?" याचं उत्तर द्यावंच लागतं. आजची अमेरिकन बाई म्हणते, "तुझी वेळ झाली नाही असं सांगितलं" किंवा "लेकरांसाठी परत आले". जिथं माणसांचं नशीब नोंदीत असतं, दफ्तरात असतं, तिथं उत्तर दफ्तरी चुकीचं येतं. रोमन साम्राज्यात दफ्तर होतं, आपल्याकडेही होतं आणि आहे. सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव चढलेलं पाहिलेल्या माणसाला चित्रगुप्ताची चूक अजिबात अशक्य वाटत नाही. तिसरी वाट मेंदू नाकारत नाही, परलोकही नाकारत नाही. ती एवढंच सांगते की गोष्टीचा हा तुकडा दोन्हींपैकी कशाचाच पुरावा होऊ शकत नाही.

मग "खालच्या आळीतली गंगूबाई त्याच रात्री गेली", त्याचं काय? घरात सगळ्यांच्या अंगावर काटा इथंच येत असणार. तपासता येईल तेवढं तपासा. ग्रामपंचायतीकडे जन्म-मृत्यूची नोंद असते, ग्रामसेवकांकडून तारीख पाहता येते का बघा. आजीच्या दवाखान्याचा कागद सापडला तर तारखा शेजारी ठेवा. घरातल्या तीन-चार माणसांना वेगवेगळं विचारा. एकजण "त्याच रात्री", दुसरा "त्या आठवड्यात" आणि तिसरा "त्या पावसाळ्यात" म्हणाला तर काय घडलं ते कळेलच. आणि तारीख खरोखर जुळली, तरी एक साधी शक्यता आधी तोडा: ओकारी-जुलाबाची साथ होती का? एकाच आडाचं पाणी पिऊन दोघी आजारी पडल्या असतील, तर एक वाचणं आणि दुसरी जाणं यात चिठ्ठी चुकावी लागत नाही. गंगूबाई हे नावही त्या पिढीत दुर्मिळ नव्हतं. दुसऱ्या गंगूबाईच्या घरी मात्र या कामासाठी जाऊ नका. "तुमची आई आमच्या आजीच्या जागी गेली" हे त्यांना तुमच्या पेपरापायी ऐकवायचं कारण नाही.

स्मृतीबद्दल सर विचारतीलच. ग्रेसन यांनी २००७ मध्ये ७२ जणांना सुमारे वीस वर्षांच्या अंतरानं तीच प्रश्नावली दिली, आणि गुण वाढले नव्हते. लोक गोष्ट फुगवत नव्हते. हे आजीच्या बाजूनं वापरता येईल, पण मर्यादेसकट: त्यात गुण तपासले होते, गोष्टीचे बारकावे नाहीत, आणि आजीची पहिली आवृत्ती कुणी लिहून ठेवलेली नाही. तिनं पहिल्यांदा ज्यांना सांगितलं त्यातलं कुणी हयात असेल तर तुमच्यासाठी ती व्यक्ती पुस्तकांपेक्षा महत्त्वाची.

परलोकवादी चौकटीला पेपरात जागा द्याच, पण तिलाही एक प्रश्न विचारा: ती चूक ठरेल असं काही घडू शकतं का? सॅम पार्निया यांच्या २०१४ च्या अभ्यासात तसा प्रयत्न होता. रुग्णालयांत छताजवळच्या फळ्यांवर, फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं ठेवली होती. २०६० हृदयबंदच्या घटना झाल्या, त्यातल्या वाचलेल्या १४० जणांशी बोलणं झालं. आजूबाजूचं दिसल्या-ऐकल्याचं तपशिलात सांगणारे दोघेच निघाले, आणि त्या दोघांचं हृदय फळी नसलेल्या जागी बंद पडलं होतं. प्रश्न तिथंच राहिला. आजीच्या बाबतीत तर कुठली फळीच नाही, त्यामुळे ही चौकट तिच्या गोष्टीवर ना सिद्ध होते ना खोटी ठरते, आणि हे वाक्य तुम्ही न घाबरता लिहू शकता.

मांडणीबद्दल. सगळ्या चौकटींचा धावता आढावा बहुतेकजण घेतात. त्यात प्रत्येकीला दीड पान मिळतं आणि तुलना होतच नाही. एकच चौकट उचलून धरली तर पेपर धारदार होतो, पण तुमचा विषय तुलनेचा आहे. म्हणून आजीच्या गोष्टीच्या सात-आठ ओळी करा: दोन माणसं आली, अंग खाटेवर राहिलं, वाडा, वही, नावाची चूक, ढकललं, दुसरीचा मृत्यू. डाव्या रकान्यात या ओळी, शेजारी मेंदू, संस्कृती आणि परलोक या तीन चौकटी. प्रत्येक घरात एकच वाक्य: ही चौकट या ओळीचं काय करते? जिथं काहीच करत नाही तिथं घर रिकामं सोडा. "अंग खाटेवर" इथं मेंदूची चौकट बोलेल, संस्कृतीची जवळपास गप्प राहील. "नावाची चूक" इथं उलट. "कोणती बरोबर" हा तुमचा प्रश्न मग "कोणत्या ओळीसाठी कोणती" असा होईल, आणि सरांनाही त्यावर हरकत घ्यायची असेल तर एखाद्या घरावर बोट ठेवून घ्यावी लागेल.

आजीचं नाव आणि गाव बदला, खालच्या आळीचं नाव तर बदलाच. आणि ध्वनिमुद्रण पेपर झाल्यावरही पुसू नका.